चाळिसाव्याचं गणित: इराणचा शहा कसा गेला

इराणच्या क्रांतीबद्दल बोलताना हमखास म्हटलं जातं, की धर्मवेडाची लाट आली आणि शहा, म्हणजे तिथला राजा, वाहून गेला. पण ही लाट १९७८च्या पूर्वार्धात ठरावीक अंतरानं येत होती आणि तिची पुढची तारीख सगळ्यांना आधीच ठाऊक असायची. गंमत आहे ती इथे.

आपल्याकडे दहावा-तेरावा असतो, तसा शिया परंपरेत मृत्यूनंतरचा चाळिसावा दिवस शोकाचा. जानेवारी १९७८मध्ये ‘इत्तलाआत’ या दैनिकात शहाचे हद्दपार विरोधक, धर्मगुरू खोमेनी यांची बदनामी करणारा लेख आला. ९ जानेवारीला कोम शहरात धर्मविद्यार्थ्यांच्या मोर्चावर गोळीबार होऊन माणसं मेली. त्यांचा चाळिसावा आला १८ फेब्रुवारीला. तबरीझमध्ये पोलिसांनी मशिदीचं दार बंद केलं, तेव्हा जमलेला शोक दंगलीत बदलला. बँका, चित्रपटगृहं, सरकारी पक्षाची कचेरी फुटली आणि रणगाडे रस्त्यावर आले. तिथल्या मृतांचा चाळिसावा मार्चअखेर यझ्दमध्ये पाळला गेला, तिथेही गोळ्या चालल्या. पुढची फेरी मेमध्ये.

ही साखळी चालायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात. पहिली म्हणजे तारीख. ती कुणी जाहीर करावी लागत नाही, त्यामुळे कुणा नेत्याला अटक करून ती टळत नाही. दुसरी म्हणजे जागा: पक्षांवर बंदी घालता येते, श्राद्धावर कशी घालणार? शिवाय बाजार बंद ठेवायला, खोमेनींच्या भाषणांच्या कॅसेट गावोगाव पोचवायला चाळीस दिवस पुरतात. तिसरी गोष्ट मात्र सरकारनंच पुरवली. शहाचं सैन्य युद्धासाठी सजलेलं होतं. गर्दी पांगवायचं साहित्य आणि सराव तुटपुंजा. मग गोळीबार होणार, आणि प्रत्येक गोळीबार म्हणजे नवा चाळिसावा.

चाळीस या आकड्यात जादू नाही, हे जूनमध्ये दिसलं. १७ जूनला धर्मगुरूंनी लोकांना घरीच बसायला सांगितलं. मोर्चा नाही, म्हणून प्रेत नाही, म्हणून पुढची तारीखही नाही. साखळी तुटली.

म्हणजे शोकाच्या फेऱ्यांनी लोक रस्त्यावर आणले, पण शहाला त्यांनी एकट्यांनी पाडलं नाही. ऑगस्टमध्ये आबादानचं रेक्स चित्रपटगृह जळून शेकडो माणसं मेली, आणि आग कट्टर धर्मवाद्यांनी लावली असताना लोकांनी दोष शहाच्या गुप्त पोलिसांना दिला. ८ सप्टेंबरला तेहरानच्या ‘झाले’ नावाच्या चौकात लष्करी कायदा लागू असताना गोळीबार झाला. त्यानंतर तडजोडीची भाषा जवळजवळ संपलीच.

खरी नस दाबली ती तेल कामगारांनी. रोज साठ लाख पिंपांच्या आसपास निघणारं तेल संपामुळे इतकं घटलं, की डिसेंबरअखेर निर्यात थांबली आणि देशाची स्वतःची गरजही भागेना. गोळी घालून विहीर चालवता येत नाही. १६ जानेवारी १९७९ला शहा देश सोडून गेला. १ फेब्रुवारीला खोमेनी परतले आणि ११ तारखेला सैन्यानं आपण तटस्थ असल्याचं जाहीर केलं.