डोकं दुखतंय? डॉक्टरकडं जाताना कॅलेंडरचं पान घेऊन जा

आमचं मेडिकल परभणीत मोंढ्याजवळ आहे, आणि दिवसातून दहा जण तरी येऊन म्हणतात, "डोकं लई उठलंय, एखादी भारी गोळी द्या." डॉक्टरसमोर बसलं की पण तेवढंच बोलणं होतं, "लई दुखतंय हो", मग डॉक्टर तरी काय समजणार?

आमच्या एक कस्टमर ताई आहेत, शाळेत शिकवतात. दर आठवड्याला डोकेदुखीच्या गोळ्यांची स्ट्रिप न्यायच्या म्हणून त्यांना सांगितलं, ताई, महिनाभर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. कधी सुरू झालं, कधी थांबलं, दहापैकी किती, आणि गोळी घेतली तर एक फुली. नुसता आकडा पण पुरत नाही, सात म्हणजे तुमचं सात की माझं सात? त्यामुळं त्यांनी शेजारी लिहिलं, "भाकरी टाकता आल्या नाहीत, अंधारात पडून होते."

महिना संपला तर पाच दिवस जोराचं दुखणं, उजवी बाजू ठणकायची, मळमळ, उजेड सहन व्हायचा नाही, सकाळी सुरू झालं की रात्रीपर्यंत. त्यातले दोन दिवस चतुर्थी आणि एकादशीच्या उपवासाचे निघाले. बाकी चौदा दिवस हलकं, डोक्याला पट्टा आवळल्यासारखं. आणि फुल्या मोजल्या तर सतरा! ताईंना वाटत होतं आठवड्याला दोन.

डॉक्टरांनी पान बघूनच विचारलं, असं किती महिने चाललंय? चार-पाच. म्हणजे मूळची अर्धशिशी, आणि वरून गोळ्यांमुळंच वाढलेली डोकेदुखी. साधी पॅरासिटामॉल महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, आणि दोन-तीन औषधं मिसळलेली गोळी १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चाललं की गोळीच डोकं दुखवायला लागते. (आम्ही गोळ्या विकणारे, तरी हे सांगतोय.) बंद केल्यावर सुरुवातीचे काही दिवस दुखणं उलट वाढतं, म्हणून ते डॉक्टरच्या सांगण्यानंच करायचं, मनानं नाही.

पानाच्या मागं प्रश्न पण लिहून न्या, आत गेल्यावर डोक्यातून जातात. माझी डोकेदुखी कोणत्या प्रकारची? गोळी दुखणं सुरू होताच घ्यायची की वाढल्यावर, आणि महिन्यात जास्तीत जास्त किती दिवस? स्कॅन सांगितला तर कशासाठी? बीपीच्या किंवा इतर चालू गोळ्यांसोबत चालेल का? त्यासाठी घरातली सगळी रिकामी पाकिटं पिशवीत टाकून न्या, "पांढरी छोटी गोळी" म्हणून काही कळत नाही बघा.

पण मिनिटभरात एकदम शिगेला गेलेलं दुखणं, ताप आणि मान आखडणं, तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं, हातपाय लुळा पडणं, डोक्याला मार लागल्यावर वाढत जाणारं दुखणं असलं तर कॅलेंडर राहू द्या, सरळ १०८ लावा. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असं दुखायला लागलं किंवा बाई गरोदर असली तर महिनाभर लिहीत बसू नका, लगेच दाखवा.