नियमन परिणाम मूल्यमापन आणि मुदतसमाप्ती कलम

नवा नियम आणण्यापूर्वी त्याचा फायदा किती, खर्च किती आणि तो कोणाच्या खिशातून जाणार, हे तपासण्याला नियमन परिणाम मूल्यमापन म्हणतात. ठरलेल्या तारखेला नियम आपोआप संपेल आणि चालू ठेवायचा तर पुन्हा मंजूर करावा लागेल, अशी तरतूद म्हणजे मुदतसमाप्ती कलम, बोलण्यात ‘सनसेट क्लॉज’.

ठाणे आणि नवी मुंबईत एप्रिल 2013 मध्ये लागू झालेला स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी, हे या संदर्भातले बोलके उदाहरण. ठाण्यात त्याआधी जकात होती. ती नाक्यावर भरली की ट्रक सुटे आणि दुकानदारही सुटे. एलबीटी हिशोबावर आधारलेला असल्याने बाहेरून आलेल्या मालाची नोंद ठेवणे, कर स्वतः काढून भरणे आणि विवरणपत्र देणे ही कामे दुकानदाराच्या गल्ल्यावर आली. नवी मुंबईत मात्र उपकर आधीपासूनच हिशोबावर घेतला जाई. त्यामुळे कर एकच असला, तरी नव्या कामाचा बोजा नौपाड्यातल्या किराणावाल्यावर जितका पडला तितका वाशीतल्या दुकानदारावर पडला नाही. असा फरक हेरायचा तर मूल्यमापनाची सुरुवात आधीच्या स्थितीपासून करावी लागते.

कागदी कामाचा खर्च मोजण्याची सोपी पद्धत नेदरलँड्समध्ये रूढ झाली: लागणारे तास, ताशी मोबदला, वर्षातल्या खेपा आणि दुकानांची संख्या यांचा गुणाकार. समजा, महिन्याला 4 तास, ताशी 100 रुपये आणि 10,000 दुकाने. वर्षाचा खर्च 4 कोटी 80 लाख रुपये होतो, आणि यात कराचा एक रुपयाही नाही. या आकड्यात नोटिशीची धास्ती मात्र मावत नाही. शिवाय तास किती लागतात हे कार्यालयात बसून ठरवले, तर उत्तर हमखास कमी येते.

एलबीटीला मुदत नव्हती. व्यापाऱ्यांनी बंद पाळले, निवडणूक झाली, सरकार बदलले. अखेर 1 ऑगस्ट 2015 पासून 50 कोटींखालील उलाढालीला तो माफ झाला. मागील वर्षांच्या करनिर्धारणाचे काम मात्र त्यानंतरही चालूच राहिले. म्हणून मुदतसमाप्ती कलमात केवळ तारीख पुरत नाही. प्रलंबित प्रकरणे किती दिवसांत निकाली काढायची हेही लिहावे लागते.

मुदत घातली तरी पळवाट उरते. शेवटच्या आठवड्यात जुनाच मजकूर उतरवून मुदतवाढ दिली जाते. आदेशात गेल्या काळातली वसुली, तक्रारी आणि तपासण्यांचे आकडे नसतील, तर फेरविचार झालेला नाही असे खुशाल समजावे.

कायदा करण्यापूर्वी लोकांशी विचारविनिमय करण्याच्या केंद्राच्या 2014 च्या धोरणानुसार मसुदा किमान 30 दिवस लोकांपुढे ठेवून लोकांच्या उपजीविकेवरील अंदाजे परिणामही सांगणे अपेक्षित आहे. ते धोरण केंद्रीय मंत्रालयांसाठी आहे. महापालिकेच्या उपविधींना ते लागू नाही.