आईचा विसराळूपणा: ‘खोटा स्मृतिभ्रंश’ या निदानामागचा इतिहास

म्हातारपणी नाव पटकन न आठवणे आणि तासाभराने आपोआप आठवणे, हे वयाचेच. पण रोजची कामे बिघडवणाऱ्या विस्मरणाची, म्हणजे स्मृतिभ्रंशाची, आजार म्हणून खरी चर्चा १९७०च्या दशकानंतर वाढली. त्याआधी पन्नाशीत आले तरच आजार मानत, सत्तरीतल्याला म्हातारचळ म्हणून सोडून देत.

दरम्यान १९६१च्या एका लेखामुळे ‘स्यूडोडिमेन्शिया’, म्हणजे खोटा स्मृतिभ्रंश, हा शब्द रूढ झाला. नैराश्यामुळे स्मृतिभ्रंशासारखी दिसणारी आणि नैराश्य गेले की ओसरणारी अवस्था, असा त्याचा अर्थ. पुढे ओळखीच्या खुणाही ठरल्या. नैराश्यातला माणूस स्वतःच तक्रार करतो, प्रश्नाला ‘माहीत नाही’ म्हणतो आणि त्रास कधी सुरू झाला हे घरच्यांना सांगता येते. स्मृतिभ्रंशात बहुधा माणूस ‘मला काही झालं नाही’ म्हणतो आणि चुकीचे का होईना, उत्तर देतो.

या शब्दाने एक मोठे काम केले: बरे होण्याजोगे नैराश्य शोधायची सवय लावली. पण बऱ्या झालेल्यांचा काही वर्षे मागोवा घेतला, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच जणांना पुढे खरा स्मृतिभ्रंश झालेला दिसला. उतारवयात पहिल्यांदाच आलेले नैराश्य कधीकधी त्याची सुरुवातच असते. म्हणून ‘खोटा’ हा शब्द आता सोडून द्यावा, असे मला ठामपणे वाटते. तो ऐकून घरचे निश्चिंत होतात आणि पुन्हा तपासणीला येत नाहीत.

कोथरूडमधल्या एका घराचे नमुन्यादाखल उदाहरण घेऊ. बहात्तर वर्षांच्या आई, शिक्षण सातवी. दिवाळीत यजमान गेले. संक्रांतीपासून दुधाचा हिशेब चुकतो, भाजीत मीठ दोनदा पडते. पहिल्या भेटीत डॉक्टर आधी मुलाशी वेगळे बोलतात: औषधे, बँक, स्वयंपाक, ओळखीचा रस्ता यांत नेमके काय बदलले? मग तीस गुणांची चाचणी. आईंना बावीस. शिक्षण कमी असले की वजाबाकीचे गुण जातात, त्यामुळे एवढ्यावर निदान होत नाही. सांगितलेल्या तीन शब्दांपैकी एकच आठवला; पण ‘एक फळ होतं’ म्हटल्यावर ‘आंबा’ लगेच आला. म्हणजे शब्द मनात नोंदला गेला होता. अल्झायमरच्या स्मृतिभ्रंशात अशा इशाऱ्याचा सहसा उपयोग होत नाही. नैराश्याच्या पंधरा प्रश्नांत नऊ गुण आले. पाचाच्या वर गेले की नैराश्याची शंका घेतात.

यासोबत थायरॉइड, साखर, सोडियम आणि बी-१२ तपासतात. पुण्यातल्या शाकाहारी घरांत बी-१२ कमी निघणे नेहमीचेच. झोपेच्या आणि अॅलर्जीच्या गोळ्याही विचारतात, कारण त्यांनीही विसर पडतो. मेंदूचा स्कॅन होतो.

नैराश्याचे उपचार सुरू झाले. दोन महिन्यांनी त्याच चाचणीत सत्तावीस गुण आले आणि हिशेब पुन्हा जुळू लागला. तरी कागदावर सहा महिन्यांनी आणि मग दरवर्षी फेरतपासणी लिहिलेली असते. तेव्हा इशारा देऊनही शब्द आठवेनासे झाले, तर शोध पुन्हा सुरू करावा लागतो.