न्यू हेवन कोण चालवतं?

‘गावात कुणाचं चालतं?’ असं पारावर विचारलं तर दोन-तीन नावं लगेच पुढे येतात. समाजशास्त्रज्ञ फ्लॉइड हंटर यांनी अमेरिकेतल्या अटलांटा शहरात साधारण हेच केलं. जाणकारांना विचारून त्यांनी ४० वजनदार माणसांची यादी केली आणि त्यांचे एकमेकांशी संबंध कसे आहेत ते तपासलं. १९५३ साली त्यांचा निष्कर्ष छापून आला. मोठ्या धोरणांबाबत उद्योगपती-बँकवाल्यांचं एक छोटं वर्तुळ आधी ठरवतं आणि लोकांनी निवडून दिलेले त्यामागे जातात, असं त्यात म्हटलं होतं. हा अभिजनवाद.

येल विद्यापीठातले रॉबर्ट डाल यांना ही पद्धतच पटेना. एखाद्याचं वजन आहे असं लोक म्हणतात, म्हणून त्यानं ते वापरलं असं होत नाही. सत्ता शोधायची तर प्रत्यक्ष निर्णय उघडून बघा, असं त्यांचं म्हणणं. येल ज्या शहरात आहे त्या न्यू हेवनचेच तीन विषय त्यांनी निवडले: पक्षांच्या उमेदवाऱ्या, सरकारी शाळा आणि शहराचा पुनर्विकास. प्रस्ताव कुणी मांडला, कुणी अडवला, शेवटी कुणाचं खरं झालं, हे त्यांनी निर्णयागणिक तपासलं. त्यांचा एक विद्यार्थी, रेमंड वुल्फिंगर, तर कामकाज जवळून पाहण्यासाठी काही काळ महापौरांच्या कार्यालयातच ठाण मांडून होता.

१९६१ साली आलेलं उत्तर हंटर यांच्या उलट होतं. शाळांच्या कारभारात ज्यांचा शब्द चालतो त्यांना पुनर्विकासात कुणी विचारत नाही. उमेदवाऱ्या ठरवणारे आणखी वेगळेच. जुनी खानदानी घराणी आणि पैसेवाले या दोन याद्यांतही सामाईक नावं थोडीच निघाली. तिन्ही क्षेत्रांत ठसठशीत दिसणारा माणूस होता तो महापौर रिचर्ड ली, म्हणजे मतांवर निवडून आलेला. सत्ता विखुरलेली असते, हा बहुलवाद असा आकडेवारीनिशी उभा राहिला.

पण याच अभ्यासातली एक गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. ली यांनी पुनर्विकासासाठी नागरिकांची एक समिती नेमली होती. तिच्या वरच्या फळीत बँकवाले, कारखानदार, येलचे पदाधिकारी असे शहरातले बडे लोक. महापौरांचा एकही प्रस्ताव या समितीनं अडवला किंवा बदलला नाही. डाल यांच्या हिशेबानं समितीचे गुण शून्य, सगळं श्रेय महापौरांना. मात्र समितीला पटेल असाच प्रस्ताव महापौर घडवून आणत, हेही डाल यांनीच लिहून ठेवलंय. मग नकार द्यायची वेळ येणार कशी? जो कधी ‘नाही’ म्हणत नाही तो दुबळा असेल, किंवा त्याला ‘नाही’ म्हणावंच लागू नये इतका बलवान असेल. निर्णयांच्या नोंदीत दोघे सारखेच दिसतात.

पीटर बॅक्रॅक आणि मॉर्टन बारात्झ यांनी १९६२ साली नेमकं इथेच बोट ठेवलं. विषय जिंकणं हा सत्तेचा एक चेहरा. विषय पटलावर येऊच न देणं हा दुसरा. यावर डाल यांच्या बाजूचे विचारत: जे घडलंच नाही ते मोजणार कसं? प्रश्न रास्त होता. शहरात न घडलेल्या गोष्टींना अंत नसतो, आणि त्यातल्या बहुतेकांमागे कुणाचाही हात नसतो.

मॅथ्यू क्रेन्सन यांनी त्यावर तोड काढली ती तुलनेची. इंडियाना राज्यातली गॅरी आणि ईस्ट शिकागो ही शेजारची शहरं. दोन्ही पोलादाची, दोन्हींच्या हवेत तोच धूर. ईस्ट शिकागोनं हवा-प्रदूषणाचा नियम १९४९ साली केला, गॅरीला त्यासाठी १९६२ उजाडलं. फरक एवढाच दिसतो, की ईस्ट शिकागोत अनेक कंपन्या होत्या, तर गॅरी हे गावच यू.एस. स्टील या एका कंपनीनं १९०६ साली वसवलेलं. नावसुद्धा तिच्या अध्यक्षांचं. कंपनीनं उघड विरोध असा फारसा केलाच नाही. ती गप्प राहिली, आणि तिला काय वाटेल या धास्तीनं बाकीचेही बराच काळ गप्प राहिले. डाल यांची पद्धत गॅरीला लावली असती तर त्या १३ वर्षांत तपासायला निर्णयच सापडला नसता, आणि कंपनीच्या नावापुढेही शून्यच पडलं असतं.

अर्थात या पुराव्यालाही मर्यादा आहे. दोन शहरांत कंपन्यांच्या संख्येखेरीज इतर फरकही असतात, आणि धास्ती खरी होती की गॅरीच्या लोकांना धुरापेक्षा पगार मोलाचा वाटत होता, हे मौनावरून सांगता येत नाही.

न्यू हेवनचा वाद मात्र तिथे थांबला नाही. विल्यम डॉमहॉफ यांनी डाल यांचंच साहित्य मागून घेतलं, डाल यांनी ते दिलंही (विद्यापीठांत हे वाटतं तितकं सर्रास घडत नाही), आणि जुनी कागदपत्रं धुंडाळून १९७८ साली त्यांनी मांडलं, की पुनर्विकासाची कल्पना ली निवडून येण्याच्या आधीच स्थानिक व्यापारी संघटनेत शिजत होती. डाल यांनी घड्याळ सुरू केलं ते महापौरांच्या खुर्चीपासून. डॉमहॉफ यांनी ते काही वर्षं मागे नेलं. ज्या ओक स्ट्रीट वस्तीवर महामार्गासाठी बुलडोझर फिरला, तिथल्या भाडेकरूंचं नाव मात्र प्रस्ताव मांडणाऱ्यांत दोन्ही हिशेबांत नाही.