सहकाऱ्याच्या वागण्याबद्दल एचआरला लेखी कळवायचं असेल तर

चाकणच्या कारखान्यातलं एक उदाहरण धरू. दुपारी ३ वाजता शिफ्ट बदलते. पुढच्या शिफ्टचा सहकारी रजिस्टर ताब्यात घेताना सगळ्यांसमोर आवाज चढवतो. वैतागून आपण लिहितो, 'हा माणूस उद्धट आहे, मला मुद्दाम त्रास देतो.' एचआरला यातलं काहीच तपासता येत नाही. 'उद्धट' हे आपलं मत झालं आणि 'मुद्दाम' हा त्याच्या मनाविषयीचा अंदाज. तो 'मी असं केलंच नाही' म्हणाला की विषय तिथेच संपतो.

तेच असं लिहिता येतं:

'नमस्कार मॅडम, ४, ९ आणि १२ मार्चला दुपारी ३ च्या सुमारास शिफ्ट बदलताना श्री. अबक माझ्याशी मोठ्या आवाजात बोलले. ९ तारखेला "तुला काही येत नाही" असं म्हणून त्यांनी रजिस्टर टेबलावर आपटलं. तेव्हा लाइनवरचे दोघे जण हजर होते. १० तारखेला मी त्यांच्याशी बाजूला बोललो, पण १२ तारखेला पुन्हा तसंच झालं. त्या दिवशी रिजेक्शनचे आकडे समजावून सांगायचे राहिले. त्यांच्या अशा वागण्यामागचं कारण मला माहीत नाही. त्यांचीही बाजू ऐकून घ्यावी आणि शिफ्ट बदलताना काही दिवस सुपरवायझर हजर राहतील अशी व्यवस्था व्हावी, ही विनंती.'

बोललेले शब्द आठवतील तसेच अवतरणात द्यावेत. नक्की आठवत नसतील तर 'अशा अर्थाचं' म्हणावं. ऐकीव गोष्टी गाळाव्यात. एक चुकीची निघाली तर बाकीच्यांवरही शंका येते.

असं कोणीही कर्मचारी कळवू शकतो. कंत्राटी कामगाराने आपल्या एजन्सीच्या एचआरला लिहावं आणि प्रत कारखान्यातल्या सुपरवायझरला द्यावी. सोबत त्या दिवसांचा शिफ्टचा तक्ता, संबंधित मेल किंवा चॅटचे स्क्रीनशॉट आणि हजर असलेल्यांची नावं जोडावीत. नावं देण्याआधी त्या लोकांना कल्पना द्यावी, नाहीतर विचारणा झाली की तेच गडबडतात. पुरावा म्हणून कंपनीची कागदपत्रं स्वतःच्या खासगी मेलवर पाठवू नयेत. उलट आपल्यावरच कारवाईची वेळ येते.

'माझं नाव कळू देऊ नका' असं लिहिता येतं, पण चौकशीत समोरच्याला घटना सांगावीच लागते आणि त्यावरून तो ओळखतोच. म्हणून ही माहिती कोणाकोणाला दिली जाईल, ते आधीच विचारावं. मेल पोचल्याचं लेखी उत्तर मागावं. आठवडाभरात काहीच आलं नाही तर त्याच मेलखाली दोन ओळींची आठवण पाठवावी.

महिलेचा लैंगिक छळ झाला असेल तर मात्र हा मार्ग नाही. २०१३ च्या कायद्यानुसार तिची लेखी तक्रार अंतर्गत समितीकडे जाते, आणि तीही शेवटच्या घटनेपासून ३ महिन्यांच्या आत. सबळ कारण असल्यास समिती आणखी ३ महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. १० पेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणी ही समिती नसते. तिथली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करावी लागते.