व्हीपीएन तपासणी : सार्वजनिक पत्ता आणि ट्रेसरूट

संगणकावर किंवा फोनवर लावलेले व्हीपीएन खरोखर वाहतूक आपल्या टनेलमधून, म्हणजे व्हीपीएन सर्व्हरपर्यंतच्या बंदिस्त वाटेने, नेते आहे की नाही, हे पाहण्याच्या दोन साध्या पद्धती एकत्र वापरून केलेली पडताळणी. पहिल्या पद्धतीत बाहेरच्या जगाला आपला कोणता पत्ता दिसतो हे विचारले जाते, तर दुसरीत माहितीची पाकिटे कोणत्या वाटेने जातात ते पाहिले जाते. ॲपमधले ‘कनेक्टेड’ हे शब्द एवढेच सांगतात की ॲपचा सर्व्हरशी संपर्क झाला आहे. आपली वाहतूक त्या संपर्कातून जाते का, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो ॲपला विचारून सुटत नाही.

पत्त्याची चौकशी. आधी व्हीपीएन बंद ठेवून आपला मूळ पत्ता टिपून ठेवावा लागतो. ही पायरी बहुतेक लोक गाळतात, आणि मग नंतर दिसलेला आकडा कशाशी ताडायचा हेच कळत नाही. त्यानंतर व्हीपीएन चालू करून त्याच आज्ञा पुन्हा द्यायच्या :

```
curl -4 https://icanhazip.com
curl -6 https://icanhazip.com
```

पहिली ओळ आयपीव्ही४ चा पत्ता दाखवते, दुसरी आयपीव्ही६ चा. दोन्ही वेगवेगळ्या विचारण्याला कारण आहे. काही व्हीपीएन फक्त आयपीव्ही४ वाहतूक उचलतात. अशा वेळी पहिल्या आज्ञेला व्हीपीएन सर्व्हरचा पत्ता दिसतो, पण दुसरीला पूर्वीचाच, इंटरनेट कंपनीने दिलेला पत्ता येतो. भारतात जिओसारख्या नेटवर्कवर आयपीव्ही६ सर्रास वापरात आहे आणि दोन्ही पत्ते असलेल्या संकेतस्थळांकडे ब्राउझर सहसा आयपीव्ही६ नेच जातो. म्हणजे बरीचशी वाहतूक उघड्यावरून जात असते आणि फक्त आयपीव्ही४ जाणणारे तपासणी-पान मात्र सर्व ठीक असल्याचे दाखवते. वायरगार्ड या व्हीपीएन प्रणालीत ही गळती बहुधा सेटिंगच्या एका ओळीत सापडते :

```
AllowedIPs = 0.0.0.0/0, ::/0
```

यातला स्वल्पविरामापुढचा भाग राहून गेला असेल, तर आयपीव्ही६ टनेलमध्ये शिरतच नाही. दुसऱ्या आज्ञेला पत्ताच न मिळता चूक दाखवली गेली, तर व्हीपीएनने आयपीव्ही६ अडवले आहे असे समजावे. ती गळती नव्हे. मात्र व्हीपीएन बंद असतानाही तशीच चूक येत असेल, तर त्या जोडणीवर आयपीव्ही६ मुळातच नाही.

ट्रेसरूट. प्रत्येक आयपी पाकिटावर टीटीएल नावाचा एक आकडा असतो. वाटेतला प्रत्येक राउटर तो एकाने घटवतो आणि शून्य झाला की पाकीट टाकून देऊन पाठवणाऱ्याला तसे कळवतो. ट्रेसरूट मुद्दाम १, २, ३ अशा टीटीएलची पाकिटे सोडतो आणि कोणाकोणाची उत्तरे आली त्यावरून वाट मांडतो. टनेलमध्ये मूळ पाकीट दुसऱ्या पाकिटाच्या आत गुंडाळलेले असते. वाटेतले राउटर बाहेरच्या पाकिटाचा टीटीएल घटवतात, आतल्याला हात लावत नाहीत. त्यामुळे घरातला राउटर आणि इंटरनेट कंपनीचे सगळे टप्पे यादीतून नाहीसे होतात आणि पहिला टप्पा थेट व्हीपीएन सर्व्हरचा येतो. लिनक्स किंवा मॅकवर आज्ञा अशी :

```
traceroute -n 1.1.1.1
```

विंडोजवर याच कामासाठी `tracert -d 1.1.1.1` लिहितात. पुण्यातल्या एका घरगुती फायबर जोडणीचे उदाहरण घेऊ (सार्वजनिक पत्ते नमुन्याचे आहेत). व्हीपीएन बंद असताना सुरुवात अशी दिसेल :

```
1  192.168.1.1     2.1 ms
2  10.20.0.1       5.4 ms
3  203.0.113.17    7.0 ms
```

आणि चालू असताना अशी :

```
1  10.8.0.1       62.3 ms
2  198.51.100.1   62.9 ms
```

पहिल्या यादीतला दुसरा टप्पा फसवा आहे. `10.` ने सुरू होणारा पत्ता दिसला की तो व्हीपीएनचाच, असे अनेक जण धरून चालतात. पण इंटरनेट कंपन्याही आपल्या अंतर्गत जाळ्यात हेच पत्ते वापरतात. निवाडा पहिल्या ओळीवर करावा. तिथे घरचा राउटर असेल, तर ते पाकीट टनेलमधून गेलेले नाही. अपवाद एवढाच, की व्हीपीएन त्या राउटरवरच बसवलेले असेल. पहिल्या ओळीत नुसत्या चांदण्या आल्या, तर सर्व्हर अशा चौकशीला उत्तर देत नाही इतकेच समजून पुढची ओळ पाहावी. आयपीव्ही६ साठी `traceroute -6` (मॅकवर `traceroute6`) वेगळे चालवावे लागते.

सर्व्हर खरेच तिथे आहे का? पत्त्याच्या चौकशीला न सापडणारी एक गोष्ट ट्रेसरूटच्या वेळेतून उलगडते, आणि या तपासणीचा सर्वांत मोलाचा उपयोग हाच म्हणावा लागेल. सायबर सुरक्षा पाहणाऱ्या सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत व्हीपीएन सेवांना ग्राहकांची माहिती पाच वर्षे जपून ठेवण्यास सांगितले. त्यानंतर एक्सप्रेसव्हीपीएनने भारतातले सर्व्हर काढून घेतले आणि भारतीय पत्ते सिंगापूर व ब्रिटनमधल्या यंत्रांवरून देणे सुरू केले. कंपनीने हे उघडपणे सांगितले होते. अशा सर्व्हरला जोडल्यावर चौकशी-पान ‘भारत’ म्हणते, कारण ते पत्त्याच्या नोंदी वाचते, यंत्र कुठे ठेवले आहे ते पाहत नाही.

काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणून १ मिलिसेकंदात पाकीट जास्तीत जास्त १०० किलोमीटरवर जाऊन परत येऊ शकते. मुंबई ते सिंगापूर सरळ अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर आहे, तेव्हा तिथून ३९ मिलिसेकंदांच्या आत उत्तर येणे अशक्य. पुण्यातून पहिला टप्पा ४ मिलिसेकंदांत आला, तर सर्व्हर ४०० किलोमीटरच्या आतच आहे, याबद्दल शंका उरत नाही. उलट वरच्या उदाहरणातला सर्व्हर ‘मुंबई’चा म्हणून दाखवला जात असेल, तर ६२ मिलिसेकंद त्याबद्दल संशय निर्माण करतात, पण पुरावा ठरत नाहीत. गर्दीमुळे किंवा आडवळणाच्या वाटेमुळेही एवढा वेळ लागू शकतो.

हा संशय फेडण्यासाठी टनेल चालू ठेवूनच मुंबईत नक्की असलेल्या एखाद्या यंत्राकडे ट्रेसरूट करावे, जसे की मुंबई विभागात घेतलेले स्वतःचे क्लाऊड मशीन. बाहेर पडण्याचे ठिकाण खरोखर मुंबई असेल, तर शेवटचा टप्पा ६२ च्या आसपासच राहील. ते सिंगापुरात असेल, तर पाकीट पुन्हा मुंबईला येईल आणि वेळ १२० च्या घरात जाईल. येथे `1.1.1.1` चालत नाही; तो पत्ता जगभर अनेक ठिकाणी एकाच वेळी वसलेला असल्याने बाहेर पडण्याच्या जागेजवळचेच यंत्र उत्तर देते. वेळ तीन-चारदा मोजून सर्वांत कमी आकडा घ्यावा.

मर्यादा. दोन्ही चाचण्या केवळ त्यांना चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या वाहतुकीबद्दल बोलतात. ब्राउझरमध्ये जोडलेले व्हीपीएन एक्स्टेन्शन फक्त ब्राउझरची वाहतूक वळवते. तिथे ब्राउझरातल्या पानाला नवा पत्ता दिसतो, तर `curl` आणि ट्रेसरूट जुनीच वाट दाखवतात. हा दोष नसून एक्स्टेन्शनचा आवाकाच तेवढा असतो. ठरावीक ॲप टनेलबाहेर ठेवण्याची सोय वापरली असेल, तर त्या ॲपबद्दल या चाचण्या काहीच सांगत नाहीत. संकेतस्थळांची नावे शोधणाऱ्या डीएनएस विनंत्या कोणाकडे जातात, हेही यात दिसत नाही. त्यासाठी डीएनएस गळतीची चाचणी वेगळी करावी लागते. आणि टनेल मध्येच तुटल्यावर काय होते हे पाहायचे, तर पत्त्याची चौकशी दर सेकंदाला चालू ठेवून वाय-फाय बंद-चालू करावे लागते. त्या अवधीत मूळ पत्ता एकदाही उमटला, तर वाहतूक अडवणारे किल स्विच काम करत नाही.