किरकोळ दोष असलेला माल सवलतीत ठेवून घेताना

आमच्याकडून आलेल्या फर्निचरवर ओरखडा, पोचा किंवा रंगातला फरक दिसला, तर ते परत करण्याचा किंवा बदलून घेण्याचा पर्याय तुमच्याकडे आहेच. वस्तू वापरायला ठीक असेल आणि परत पाठवण्याची दगदग तुम्हाला नको असेल, तर किंमत कमी करून आम्ही ती तुमच्याकडेच राहू देतो. त्यासाठी तुमची लेखी संमती लागते. फोनवर "चालेल" म्हटलेले आम्ही संमती धरत नाही.

संमतिपत्रात सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दोषाचे वर्णन. समजा, कपाटाच्या दारावर ओरखडा आहे. मग आम्ही असे लिहितो: "उजव्या दाराच्या बाहेरच्या बाजूला, मुठीखाली, सुमारे १२ सेंटिमीटर लांबीचा ओरखडा, फक्त पॉलिशवर, लाकडापर्यंत गेलेला नाही." सोबत फोटो जोडतो. "माल आहे त्या स्थितीत स्वीकारला" असे मोघम वाक्य कुठे दिसले, तर कृपया सही करू नका. पुढे त्याच दाराची बिजागरी सैल झाली, तर त्या वाक्यावर बोट ठेवून "तुम्ही सवलत घेतली होती" असे कोणीही म्हणू शकेल. वर्णन नेमके असेल तर सवलत ओरखड्यापुरतीच राहते. बिजागरी वॉरंटीत येते आणि ती आम्ही दुरुस्त करून देतो.

सवलतीचा आकडा अंदाजाने ठरत नाही. याच कपाटाचे दार पुन्हा पॉलिश करायला किमतीच्या ८ टक्के खर्च येत असेल, तर तेवढे धरायचे. पण एकाच दाराला नवे पॉलिश केले की त्याची छटा शेजारच्या दाराशी तंतोतंत जुळत नाही, आणि उजेडात ते कळते. म्हणून आणखी ४ टक्के. एकूण १२ टक्के. हा हिशेब संमतिपत्रावरच असतो. तो पटला नाही तर परतीचा मार्ग मोकळाच आहे.

सही झाल्यावर मूळ बिलाच्या संदर्भाने क्रेडिट नोट मिळते आणि फरकाची रक्कम तुम्ही जसे पैसे भरले होते तशीच परत येते. मूळ बिल टाकू नका; वॉरंटी त्याच तारखेपासून मोजली जाते.

चिरलेली काच, डुगडुगणारा पाय, भिंतीवरच्या कपाटाची सैल पट्टी अशा दोषांवर मात्र आम्ही सवलत देत नाही, ग्राहकाने मागितली तरीही. त्याने इजा होऊ शकते. असा माल आम्ही स्वखर्चाने परत नेतो.

सामान पोचवणाऱ्या माणसाला दारात संमतिपत्रावर सही घेण्याची परवानगी नाही. पत्राच्या दोन प्रती तुमच्याकडे येतील. दिवसाच्या उजेडात वस्तू पुन्हा नीट पाहा, घरच्यांशी बोला, मग सही करून एक प्रत आम्हाला द्या. तुमचे उत्तर येईपर्यंत परतीची मुदत आम्ही थांबवून ठेवतो.